गाण्याला सबटायटल कशाला?

गाण्याला भाषा लागत नाही, हे सोमेशचं लाडकं मत होतं. तो मुरुमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, त्यामुळे भाषेवाचून काय काय अडत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार!

त्याचा मित्र रणधीर याने दोन वर्षं खपून एक मराठी सिनेमा केला होता. तो इंग्लंडमधल्या एका छोट्या महोत्सवाला पाठवायचा होता आणि इंग्रजी सबटायटलं करायचं काम सोमेशच्या गळ्यात आलं. माणसांची बोलणी त्याने झपाट्याने उरकली. गाण्यापाशी आल्यावर मात्र त्याने लॅपटॉप मिटला आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर करडई फुलली होती, दूर मेंढरं संथपणे सरकत होती. सोमेशला मात्र विलायतेतलं काळोखं थिएटर दिसत होतं. गोरी माणसं डोळे मिटून मुरुमचं गाणं ऐकतायत, कुणाच्या गालावरून पाणी ओघळतंय. असं बघण्यात त्याची अख्खी दुपार गेली.

"गाणं तसंच सोडायचं," त्याने रणधीरला सांगितलं. "खाली अक्षरं आली की माणूस वाचत बसतो. कान बंद होतात."

हे अगदीच खोटं नव्हतं. नुसता माहोल बांधणारं गाणं जाणकारही तसंच सोडतात. पण हे गाणं त्यातलं नव्हतं, आणि पंचाईत नेमकी तिथंच होती.

गाणं रणधीरच्या आत्याने, गजराबाईने रचलेलं आणि गायलेलं. लग्नात नवरीकडच्या बायका नवऱ्याच्या आईला, म्हणजे विहिणीला, गाण्यातून यथेच्छ टोमणे मारतात. टोमणा जितका झोंबरा तितकी विहीण खूश. कुणी चिडवलंच नाही तर ती रुसते. गजराबाईचं हत्यार या बाबतीत असं होतं:

इहीणबाई बसली पाटावरी गं पाटावरी,
पाट म्हणतो मेलो, उठवा हिला तरी!

सिनेमात हे गाणं दोनदा यायचं. एकदा लग्नात, ढोलकीवर. दुसऱ्यांदा अगदी शेवटी. तीच विहीण आता विधवा झालेली, अन्न आणि बोलणं दोन्ही टाकून बसलेली. सून तिच्या उशाशी बसते आणि तेच गाणं हळू, अंगाईसारखं म्हणते. म्हातारी फिसकन हसते, भाकरी मागते. सिनेमा संपतो.

गजराबाईला महोत्सवाचं काही नव्हतं. तिने जन्मभर मांडव हसवले होते. तिला एकच काळजी लागून राहिली होती.

"तिकडची मान्सं हसत्याल का रं, सोमेश?"

"रडतील, आत्या," सोमेश स्वप्नातूनच म्हणाला.

"आता रडायला काय झालं?" आत्या म्हणाली.

तुरीवर संशोधन करायला आलेल्या तीन इंग्रज पाहुण्यांचा मुक्काम तेव्हा धाराशिवला होता. रणधीरने त्यांना चाचणीसाठी बोलावलं, त्यांच्याबरोबर गावही लोटलं. तुरीचे व्यापारी शिवलिंगप्पा यांच्या गोदामात पोती सरकवून जागा केली, खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, भिंतीला धोतर ताणलं. भर दुपारी आत गारवा आणि सांजवेळेसारखा उजेड झाला. प्रोजेक्टरच्या झोतात तुरीची धूळ सोन्यासारखी तरंगत होती. सोमेशला वाटलं, हेच ते थिएटर.

लग्नाचं गाणं सुरू झालं. पडद्याखाली एक अक्षर नाही. पाहुण्यांतल्या थोरल्या बाई, हेलन, जरा वेळ ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी हात जोडले. बायका ओळीने बसून, एका बाईकडे बघून गातायत, म्हणजे ही प्रार्थना असणार! बाकीचे दोघेही गंभीर झाले. शेवटी तेच गाणं पुन्हा आलं तेव्हा तिघं उभे राहिले. पाहुणे उभे राहिलेले बघून शिवलिंगप्पा उभे राहिले, आणि मग त्यांच्या मागे अख्खं गोदाम उभं राहिलं. पडद्यावर म्हातारी हसून भाकरी मागत होती आणि पुढे सारं मुरुम मान खाली घालून स्तब्ध होतं.

दिवे लागल्यावर हेलनबाईंनी भरल्या आवाजात विचारलं की मरणपंथाला लागलेली बाई जिच्या भजनाने उठली ती देवी कोणती, आणि तिचं देऊळ इथून किती लांब आहे. सोमेशने रडायची अपेक्षा केली होती, ती पुरी झाली होती. गजराबाईने मात्र तोंड फिरवलं.

"माज्या पाटाला हात जोडले त्यांनी," एवढंच ती म्हणाली आणि घरी गेली.

सोमेशला रात्रभर तो पाट दिसत राहिला. सकाळी उठून त्याने दुसरं टोक गाठलं. अख्खं गाणं, प्रत्येक ओळ, प्रत्येक पुनरावृत्ती, आणि तीही इंग्रजी यमकात! यमक जुळवायला पाटाचं सिंहासन झालं, विहिणीची महाराणी झाली. हेलनबाईंना पुन्हा बोलावलं, या वेळी गजराबाईच्या ओसरीवर, लॅपटॉपपुढे. बाई भराभर वाचत होत्या. तीन-तीन ओळींचा गठ्ठा वाचून होईस्तोवर पुढचा यायचा. शेवटी त्यांनी विचारलं, ही सून आजारी सासूला लठ्ठ महाराणी म्हणून का छळते आहे? आणि म्हातारी हसली म्हणता, ती कधी?

म्हातारी हसली तेव्हा बाई सिंहासन वाचत होत्या.

सोमेश खाली बसला. मग मात्र त्याने स्वप्न बाजूला ठेवलं आणि गाणं निगुतीने हातात घेतलं. यमक गेलं, साधा पाट परत आला. एका वेळी फार तर दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, गाणं आहे हे कळावं म्हणून ती तिरकी. 'पाट म्हणतो मेलो' हे पहिल्या ओळीबरोबर दाखवलं तर गजराबाईच्या आधी सबटायटलच विनोद करून टाकतं, म्हणून ते तोडून, तिने तोंड उघडल्यावरच आणलं. ओळ वाचून झाली की काढून टाकली, नाहीतर डोळा तीच पुन्हा वाचतो. ध्रुवपद एकदाच दिलं, पुढं ढोलकीला मोकळं सोडलं. आणि शेवटच्या प्रसंगात काहीच लिहिलं नाही. ती ओळ तोवर बघणाऱ्याची झालेली असते. हे सगळं सारखं बदलावं लागत होतं, म्हणून गाण्याची त्याने वेगळीच फाईल केली होती.

तिसऱ्यांदा गजराबाईने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती हेलनबाईंचं तोंड बघत होती. लग्नात पाट मेला आणि बाई खो खो हसल्या. शेवटी सून गुणगुणू लागली, पडद्याखाली काही नव्हतं, आणि बाईंचे ओठ हलले. त्यांना कळलं होतं. म्हातारीबरोबर त्याही हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. सोमेशला इतका आनंद झाला की त्यालाही हुंदका आला.

"हसली," गजराबाई पदराआड म्हणाली. "आता धाडा कुटं धाडायचं ती."

त्याच तंद्रीत सोमेशने सिनेमाबरोबर फाईल धाडली.

महिन्याभराने महोत्सवाचं पत्र आलं. सिनेमा निवडला होता. गाणं ऐकून निवड करणारे सगळे पोट धरून हसले, आणि शेवटाला कुणाचेच डोळे कोरडे राहिले नाहीत. दिग्दर्शकाच्या धाडसाचं त्यांना विशेष कौतुक वाटलं होतं. फक्त गाण्याला सबटायटल द्यायचं आणि दीड तासाच्या बोलण्याला एकही द्यायचं नाही, असा प्रयोग त्यांनी आजवर पाहिला नव्हता!

रणधीरने सोमेशकडे पाहिलं. सोमेश खिडकीबाहेर, मेंढरांकडे बघू लागला. बोलण्याची फाईल त्याच्याच लॅपटॉपात सुखरूप होती.

"बोलन्याला भाषा लागत न्हाय वाटतं," गजराबाई म्हणाली.

सोमेशने त्यानंतर ते लाडकं मत कुणाला ऐकवलं नाही.