वीस मिनिटं चिंच

आमच्या निपाणीच्या गल्लीतले आप्पा दिवसभर टीव्हीवर स्वयंपाक बघतात आणि स्वतः चहा-बिस्किटावर जगतात. रिटायर्ड कंडक्टर माणूस, कार्यक्रमांनाही वेळापत्रक लावलंय. सकाळी स्पर्धा, दुपारी प्रवास, दिवेलागणीला घरगुती.

स्पर्धेत शेवटची दहा सेकंद उरली की आप्पा ओरडतात, "पुढं सरका, पुढं सरका!" निकालाच्या तोंडावर जाहिराती लागल्या की सगळ्या चॅनलला शिव्या. प्रवासवाला गाड्यावरचा पहिला घास चावायच्या आधीच डोळे मिटून वाहवा करतो, त्यावर आप्पांचा निकाल ठरलेला, "खोटारडं. जीभ भाजलीय त्येची." मी शेजारच्या घरात, भिंतीअलीकडं पोट धरून हसते.

हसणं थांबतं संध्याकाळी. पलीकडून एक बाई सांगते, "चिंच वीस मिनिटं भिजू द्या," आणि घर एकदम गप्प होतं. इतरांच्या कार्यक्रमात भिजलेली चिंच आधीच शेजारच्या वाटीत तयार असते. इथं खरीच वीस मिनिटं शांतता.

एकदा चटणी द्यायच्या निमित्तानं आत गेले आणि अंगावर काटा आला. पडद्यावर रुक्मिणीआक्का, आप्पांची बायको, जाऊन दोन वर्षं झालेली. तोंड अर्धवट उघडं, नजर थेट माझ्यावर. समोर आप्पा गुडघ्यावर हात ठेवून बसलेले, तेही हलत नव्हते.

"बस गं," हळूच म्हणाले. "चिंच भिजतीय."

आक्कांनी एण्णेगाईचा, म्हणजे आमच्याकडच्या भरल्या वांग्याचा, व्हिडिओ केला होता. शूटिंग आप्पांचं. आक्का जिथं थांबा म्हणतील तिथं ते पॉज करायचे, पण शेवट कधीच लावायचे नाहीत. का, म्हणून विचारलं.

"शेवटी ती मला जेवायला हाक मारती. उठून गेलो आणि चुलीपाशी कोण न्हाय म्हटल्यावर?"

मी चटणीची वाटी खाली ठेवली आणि त्यांच्याकडं नीट बघितलं. माणूस इतका वाळला होता की सदरा खुंटीला टांगल्यागत दिसायचा.

दुसऱ्या दिवशी वांगी घेऊन मीच त्यांच्या स्वयंपाकघरात घुसले. बाहेर आक्का बोलत होत्या, आत मी करत होते. देठ ठेवून चार चिरा, दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, गूळ. चिंचेला वीस मिनिटं. झाकण ठेवल्यावर आक्कांचं वांगं एका क्षणात मऊ झालं, माझं व्हायला पंधरा मिनिटं गेली. तेवढा वेळ आप्पांनी त्यांना पडद्यावर धरून ठेवलं. भाकरी मी घरनं भाजून आणली होती. ताट वाढलं आणि आतनंच सांगितलं, "आप्पा, आज शेवटपर्यंत जाऊ दे."

बाहेर रिमोटचं बटण वाजलं. मग आक्का बोलल्या, "अहो, बास झालं ते शूटिंग. जेवायला या, गार हुतंय."

टीव्ही बंद झाला. खोटं कशाला सांगू, मी मागं वळून बघितलं. चुलीपाशी माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

चपलांचा आवाज दारापर्यंत आला. आप्पा उंबऱ्यात थांबले. त्यांनी वाफाळतं ताट बघितलं, माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

"आलो गं," म्हणाले, आणि जेवायला बसले.