किसनाकाकांचं अक्षर

पेंटर किसनाकाका माणसाला त्याच्या दुकानाच्या पाटीवरून ओळखत, आणि तेही पाटीत काय चुकलंय त्यावरून. 'कापूसवाले अग्रवाल' म्हटलं की त्यांना कळत नसे. "कोण? तो लंगड्या 'ग्र'वाला?" असं विचारत. गावातले डॉक्टर त्यांच्या लेखी 'पोट सुटलेला ड' होते. ती पाटी वर्ध्याच्या कोणा पेंटरनं केली होती. एका मयतीत सगळे माना खाली घालून उभे असताना काका समोरच्या किराणा दुकानाकडे टक लावून होते. मग माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "मास्तर, त्या 'भांडार'मधला अनुस्वार पाह्यला का? माशी बसल्यासारखा दिसून राह्यला."

आमच्या सिंदी गावात भिंत अशी सापडत नसे जिच्या कोपऱ्यात 'किसना आर्ट' लिहिलेलं नाही. ट्रकच्या मागची फुलं, कापसाच्या जिनिंग मिलचं फाटक, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांचंच. माझे वडील त्याच जिनिंगमध्ये गाठी उचलत. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. नोकरी मिळेना म्हणून दोन कॉम्प्युटर घेऊन मी क्लास काढला, तेव्हा 'संगणक वर्ग' ही पाटीही काकांनीच रंगवली. "मास्तर, हे संगणक म्हंजे करते काय?" त्यांनी ब्रश पुसत विचारलं होतं. मी म्हणालो, "सगळंच करतो, काका." आपल्या पोटावर पाय आणणाऱ्या गोष्टीची पाटी इतक्या प्रेमानं रंगवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मग फ्लेक्स आले. आणि गावात अचानक फार मोठी माणसं राहतात असं लक्षात आलं. ज्याला घरात कोणी चहा विचारत नसे, तोही चौकात दहा फुटी झाला, हात जोडून. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, बरणीतल्या लिंबासारखे दाबून बसवलेले. भिंती रंगवणं थांबलं. काकांचे डबे वाळले.

फ्लेक्सच्या ऑर्डरी घेणारे गोलूशेठ तसे वाईट नव्हते. "काका, मशीन नागपूरले आहे, ते छापते. मले इथं डिझाइन करणारा पायजे. कॉम्प्युटर शिका, खुर्ची तुमची."

"त्या उंदराले हात लावू मी?" काका म्हणाले. आणि आठ दिवसांनी माझ्या दारात चप्पल काढून उभे राहिले.

माऊस त्यांनी ब्रशसारखा चिमटीत धरला. रेघ सरळ यावी म्हणून डाव्या हाताची करंगळी पडद्यावर टेकवली. रेघ चुकली की खिशातून चिंधी काढून पडदा पुसत. 'चूक मागे घ्या' ही सोय दाखवल्यावर चिंधी खिशात ठेवत ते म्हणाले, "हे आधी असतं तर त्या शाळेचा 'विद्या' मी सुधारला असता."

गोलूशेठचं म्हणणं सोपं होतं: तयार फॉन्ट घ्या, नाव टाइप करा, सीडी पाठवा. काकांना ते मान्य नव्हतं. "अख्ख्या जिल्ह्यात तेच अक्षर. मंग मी कायले पायजे? माह्यं अक्षर लागन." त्यांनी आपली अक्षरं कागदावर काढली, मी ती स्कॅन केली, आणि त्यावरून ते माऊसनं गिरवू लागले.

पहिला 'क' साळिंदरासारखा झाला. काकांनी ठिपक्याला ठिपका लावत शेकडो ठिपके, म्हणजे नोड, टाकले होते. मी समजावलं की दोन नोडच्या मधली रेघ कॉम्प्युटर स्वतः वळवतो, नोडला दोन्ही बाजूंनी दांड्या असतात, त्या ओढल्या की गोलाई कमीजास्त होते. काकांनी हवेत एक 'क' काढला, स्वतःच्या मनगटाकडे बघत. "म्हंजे हात जिथं वळते तिथंच ठिपका. बाकीचा झोल दांडीनं." त्यांनी नोड पुसत पुसत मोजकेच ठेवले, आणि 'क'चं पोट गुळगुळीत झालं.

मग त्यांनी तो मोठा केला. आणखी मोठा केला. कडा तशाच धारदार राहिल्या. शेजारी एका युवा नेत्याचा छोटा फोटो होता, तोही मोठा केला. त्याचे चौकोन चौकोन झाले. काका खूश झाले. "मास्तर, अक्षर वाढते. साहेब फुटते!"

त्याच नेत्याचा वाढदिवस काकांची परीक्षा ठरला. गोलूशेठनं बजावलं, "काका, एक चान्स. गिऱ्हाइकानं कुरकुर केली तर मंग रेडिमेड. कायमचं."

काकांनी नाव भिंतीवर काढतात तसंच काढलं: आधी उभ्या रेघा, मग पोटं, मग सगळ्यांवरून एकच लांब शिरोरेखा. सगळं लाल, पडद्यावर अगदी देखणं. सीडी गेली. पण नेत्यानं ऐन वेळी नावाला पांढरी बॉर्डर सांगितली आणि नागपूरच्या ऑपरेटरनं ती दिली. संध्याकाळच्या गाडीनं गुंडाळी आली, गोलूशेठच्या दुकानात उलगडली, तर प्रत्येक अक्षरात चिरा. शिरोरेखा वेगळी, दांडा वेगळा, पोट वेगळं. बॉर्डर प्रत्येक तुकड्याभोवती फिरली होती.

"भिंतीवर रंगावर रंग गेला का जोड कुठं दिसते, मास्तर?" काका एवढंच म्हणाले.

चूक माझ्या ध्यानात आली. भिंतीवर रंग एकजीव होतो. इथं तुकडे फक्त एकमेकांवर ठेवलेले असतात. ते निवडून 'वेल्ड' करावे लागतात, तेव्हा एकच आकार होतो आणि बॉर्डर फक्त बाहेरून जाते.

इतक्यात नेते स्वतः आले. त्यांनी मान तिरपी करून आपलं चिरलेलं नाव पाहिलं. "वा! हे थ्री-डी आहे का?" सोबतची पोरं म्हणाली, "थ्री-डीच आहे, भाऊ!"

गोलूशेठनं सुस्कारा टाकला. "काका, पास झाले तुम्ही. साहेबाले आवडलं."

"आवडलं असन. पण हे टांगायचं नाई."

"काऊन?"

"तुटलेलं आहे म्हून."

"अवो, पुन्हा छापायचं म्हटलं तर मी रेडिमेडच टाकीन! गिऱ्हाइक खूश, तुमचीच कुरकुर?"

"नोकरी नोका देऊ," काका म्हणाले, "पण हे माह्यं म्हून टांगू नोका."

मी कॉम्प्युटर चालू केला. काकांनी सगळे तुकडे शिरोरेखेसकट निवडून वेल्ड केले आणि बॉर्डर लावून तपासली. गोलूशेठ पुटपुटत नागपूरला फोन करत होते. जुन्या पेंटरांच्या डोक्यात टर्पेंटाइन चढतं असं ते मला सांगत होते, पण छापायला त्यांनी हो म्हटलं. पहाटेच्या पॅसेंजरनं काका स्वतः सीडी घेऊन नागपूरला गेले आणि दुपारी गुंडाळी खांद्यावर घेऊन उतरले. चौकात फ्लेक्स चढला. नेत्यांना फरक कळला नाही. थ्री-डी कुठं गेलं असं एका पोरानं विचारलं, तेवढंच.

बाजाराचा दिवस होता. संध्याकाळी काका चौकात दिसले, सोबत काकू, डोक्यावर भाजीची टोपली. काकूंना मी काकांसोबत क्वचितच बाहेर पाहिलं होतं. चौकात पाच-सात फ्लेक्स फडफडत होते. सगळीकडे तोच फॉन्ट, तेच जोडलेले हात. काका मुद्दाम दुसरीकडे बघत, काही न सांगता, हळू चालत होते.

काकू थांबल्या. टोपली सावरून त्यांनी वर पाहिलं.

"हे तुमचं व्हय."

"कशावरून?" काकांनी विचारलं.

"दिसते न. लय दिसानं दिसलं. आधी बाजारात निंगाली का जागोजागी दिसे, आता गावात तुम्ही कुठंच नाई सापडत."

मी पुढं होऊन, शिकलेल्या माणसाच्या सवयीनं, विचारलं, "काकू, काय लिहिलंय ते वाचलं का?"

काकू हसल्या. "मले कुठं वाचता येते, बाबू?"

काकांनी त्यांच्या डोक्यावरची टोपली उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. भर बाजारात असं करणारे ते नव्हते. मग दोघं तिथंच, त्या हात जोडलेल्या नेत्याखाली, थोडा वेळ वर बघत उभे राहिले.