सुकती म्हंजे काय?

फौजदार मान्यांना ‘पाऊस पडतोय’ असं सांगून बघा. ते विचारतील, “पडतोय म्हंजे? भुरभुर का धो धो?” ते सांगितलंत की, “कुठं?” साताऱ्याकडचा हा माणूस रत्नागिरीच्या पावसाला विटलेला, आणि मी त्यांना. बंदरावर माझं दोर-ताडपत्रीचं दुकान. शटर उघडं दिसलं की त्यांचा हवालदार हजर: “साहेबांनी पंच म्हणून बोलावलंय.”

त्या सकाळीही तेच. पावसाळ्यातली मासेमारी बंदी, बोटी जेटीला बांधलेल्या, आणि त्यांच्या दोरांत अडकलेला कमल नावाचा नेपाळी खलाशी, मेलेला. त्याच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, सांगत होता, “काल संध्याकाळची बांग झाली तेव्हा जेटीवरून पाय सरकला. पाण्यात गेला तो वर आलाच नाय. घाबरून बोललो नाय कुणाला.”

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. डोक्यावर ताडपत्री (माझ्याच दुकानातली) धरून पंचनामा झाला. डोक्यामागची जखम लिहिली, मी सही केली, प्रेत शवविच्छेदनाला गेलं. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! जेटीजवळ सुकट विकणाऱ्या फातिमाचाचींचा जबाब सुरू झाला.

“बांग झाली तेव्हा कमल नि तांडेल जेटीवर भांडत होते. सुकती होती. मी घरी निघाले.”

“सुकती म्हंजे काय?”

“सुकती म्हणजे सुकती,” चाची म्हणाल्या. हवालदारानं तोवर ‘पाऊस थांबून कोरडे होते’ असं लिहूनही टाकलं होतं.

“ओहोटी हो साहेब,” मी वैतागून म्हणालो. “पाणी मागे गेलेलं. शेंबड्या पोरालाही कळतं.”

“मग जेटीखाली काय उरतं?”

“गाळ. घोट्याएवढं पाणी.”

बोललो आणि ध्यानात आलं: घोट्याएवढ्या पाण्यात पडलेला माणूस वर येणार नाही कसा? तांडेलाचं ऐकलं, चाचींचं ऐकलं, पण बंदरावर जन्म काढलेल्या आम्हा कुणालाच दोन्ही एकत्र जोडावंसं वाटलं नव्हतं.

माने बंदर कार्यालयात गेले, भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं. बांगेला पूर्ण ओहोटी, भरती त्यानंतर मध्यरात्रीकडे. डॉक्टरांनी कळवलं, फुप्फुसात पाणी नाही, मृत्यू डोक्यावरच्या घावानं. गाळात पडून कवटी फुटत नाही. खुनाचा गुन्हा दाखल झाला. तांडेलानं दाखवलेला लोखंडी पाना बोटीच्या इंजिनाखालून काढला, तेव्हाही पंच मीच. कमल दुसऱ्या बोटीवर जातो म्हणाला, म्हणून मारला, असं तांडेलानं कबूल केलं.

कमलच्या गावाकडचा रस्ता दरडीनं बंद. भावानं फोनवर संमती दिली, ‘तुम्हीच करा’ म्हणाला. खांदा द्यायला हवालदार, मी, चाचींचा मुलगा, चौथे फौजदार. टोपी काढून, भिजत.

सरण पेटता पेटेना. मान्यांना भावाचा परत फोन आला: “साब, उसके पास कौन था?”

शब्दाशब्दाला अडवणारा हा माणूस अगदी हळू म्हणाला, “घरवाले थे. सब थे.”

फोन ठेवून ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला त्या माणसाचा किती राग यायचा, आणि त्या वेळी किती माया आली, सांगता येत नाही.