शिट्टीनंतरच्या दोन टाळ्या

सोनवणेभाऊंनी शिट्टी वाजवली की आमच्या कारखान्यातली क्रेन वर जायची. पिंपरीतल्या आमच्या शॉपमध्ये मशिनींच्या गोंगाटात हाक ऐकू येत नसे, म्हणून क्रेनवाल्याला शिट्टीनेच इशारा द्यायची रीत होती. भाऊ मात्र गाण्याची शिट्टी वाजवत. एकदा तिलाच इशारा समजून क्रेनवाल्याने अर्धवट बांधलेला लोखंडी जॉब उचलला आणि त्यावर ठेवलेला माझा डबाही छताकडे निघाला. सुपरवायझर बोंबलत आला, तर भाऊ त्यालाच विचारतात, "साहेब, हे कुठलं गाणं हाय?"

लांब शिट्टी, मग खाली उतरणारे चार सूर आणि शेवटी दोन टाळ्या. भाऊंना एवढंच येत होतं, शब्द एकही नाही. बायको गेल्यापासून या गाण्याने त्यांना झपाटलं होतं. "काल एक सूर वर होता राव, आज खाली आला. आसंच चाललं तर समदंच पुसून जाईल." असं म्हणून ते लगेच पुन्हा वाजवत. त्यांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं, आणि त्यांच्यामुळे आम्हालाही.

भाऊंनी मला चिंचवडच्या रेकॉर्डवाल्याकडे ओढत नेलं. तो म्हणाला, "सिनेमा सांगा, नाहीतर पहिली ओळ." रेडिओच्या फर्माइशीलाही तेच लागे. भाऊंनी शिट्टी वाजवून टाळ्या दिल्या. "टाळ्या म्हणजे कव्वाली," दुकानदार खात्रीने म्हणाला. मग काय, रविवारमागून रविवार आम्ही कव्वाल्या ऐकल्या. माझे कान किटले. शिट्टी एकीतही नव्हती.

शेवटी निगडीच्या एका लग्नात भाऊंनी बँडमास्तरांना गाठलं. मास्तर दोनदा ऐकून वैतागले. "टाळ्यांनी ठेका मोडतोय. त्या सोडा, नुसती शिट्टी वाजवा." भाऊंनी नाराजीनेच वाजवली. मास्तरांनी तेच सूर क्लॅरिनेटवर घेतले, तसेच पुढे गेले, आणि पुढचं कडवं आपसूक आलं. "अहो, हा दोन कडव्यांमधला म्यूझिकचा तुकडा आहे. गाणं तर आम्ही रोज वाजवतो." त्यांनी पहिली ओळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने रेकॉर्ड लावली. पहिलं कडवं संपलं, शिट्टी आली, चार सूर उतरले. पुढच्या दोन मात्रा रिकाम्या. बारीक ढोलक तेवढा चालू होता. टाळ्या नव्हत्याच.

भाऊंचे हात हवेतच राहिले.

"ती भाकऱ्या करायची तवा शेजारच्या रेडिओवर लागायचं हे," ते हळूच म्हणाले. "पिठाच्या हातांनी दोन टाळ्या द्यायची. मला वाटलं, गाण्यातच हायेत."

इतके दिवस मी त्यांची टिंगल केली होती. दुकानदाराने विचारलं, "पुन्हा लावू?"

"लावा," भाऊ म्हणाले. "पर त्या जागेला कुणी आवाज करू नका."