सहा सेंटीमीटरची बातमी

आमच्या गल्लीत पेपर सगळेच वाचतात. आण्णा तो मोजतात. सकाळी चहाच्या गाडीवर चार पेपर पसरायचे, खिशातून शाळेतली लाकडी फूटपट्टी काढायची, एकेका बातमीची उंची घ्यायची आणि कॉलमांनी गुणायची. कुणी सहज विचारलं, "आण्णा, काय म्हणतोय पेपर?" की उत्तर ठरलेलं. "काय म्हणतोय ते तुमी वाचा. किती म्हणतोय ते मी सांगतो."

आण्णांनी उभं आयुष्य एका दैनिकात पानं लावली. कुठली बातमी वर, कुठली तळाला, कुठली उद्यावर, हे ठरवायचे साहेब लोक. पण जागा कमी पडली की कात्री आण्णांच्या हातात. पुढं त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, वारल्या, त्याच सुमारास आण्णांनी नोकरी सोडली. मूलबाळ नाही. तेव्हापासून ही मोजणी, आणि मोजणी झाली की गल्लीची फेरी. दारोदारी दोनच प्रश्न. "डोक्यात काय हाय सध्या?" आणि "पाणी उकळलं का?"

या दुसऱ्या प्रश्नाची आम्ही फार थट्टा केली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते वाढप्याला अडवायचे, "पावणं, पाणी उकळलेलं हाय न्हवं?" एका वाढप्यानं वैतागून विचारलं, "आण्णा, मठ्ठाबी उकळून आणू का?" पंगत हसली. आण्णाही हसले, पण तांब्याला हात लावला नाही.

फेरी संपली की घराबाहेरच्या पाटीवर दोन रकाने. डावीकडं 'पेपर', उजवीकडं 'गल्ली'. पेपरात सगळ्यात जास्त जागा कशाला आणि गल्लीच्या डोक्यात सगळ्यात जास्त काय, एवढंच लिहायचं. जाणारायेणारा वाचायचा आणि मान हलवून पुढं जायचा.

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा दोन्ही रकाने वेगळे होते. आमच्या नळाची लाइन चौकापाशी गटारातून जाते, आठवड्यातून दोनदा पाणी पिवळं येतं. त्यामुळं उजवीकडं 'पाणी' आणि डावीकडं कुणाचं तरी पक्षांतर. उमेदवारही पहिल्या फेरीत हात जोडून पाण्याचंच बोलले. मग एका चॅनेलनं चौकाच्या नावाचा विषय काढला. जुनं ठेवायचं की नवं द्यायचं? चॅनेलनं दाखवलं म्हणून पेपरांनी छापलं. पेपरांनी छापलं म्हणून चॅनेल परत आलं. पुढाऱ्यांना विचारलं म्हणून ते बोलले, आणि ते बोलले हीच दुसऱ्या दिवशीची बातमी झाली. त्याचे मेसेज मोबाइलवर फिरायला लागले ते वेगळेच. पाटीवर डावीकडं 'नाव' आलं.

"आठ दिस थांबा मास्तर," आण्णा मला म्हणाले. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, गल्लीत मला थोडा मान आहे. नवव्या दिवशी ते दारात आले, "डोक्यात काय हाय?" आणि मी म्हणालो, "आधी ते नावाचं मिटायला पाहिजे आण्णा. शहराच्या अस्मितेचा प्रश्न आहे."

"हे तुमचं न्हवं. मंगळवारचं हाय. पान एक, तळाला, चार कॉलम."

मला राग आला. माझी मतं माझी आहेत, असं मी सुनावलं. आण्णा शांतपणे म्हणाले, "मत तुमचंच की. ठेवा, न्हाईतर बदला. पर पेपर मत देतच न्हाय मास्तर. कशावर मत द्यायचं, तेवढं देतो. आणि माणूस त्याच्यावरच मत मारतंय."

त्यांनी उमेदवारांचाही पिच्छा पुरवला. एकदा दोन पेपर माझ्यापुढं टाकले. दोन्हींत एकाच उमेदवाराचं कौतुक, बातमी म्हणून छापलेलं, शब्दन् शब्द तेच, खाली कुठं 'जाहिरात' म्हणून लिहिलेलं नाही. "दोन बातमीदारांस्नी एकच सपान पडलं बघा," ते म्हणाले. तोच उमेदवार दुसऱ्या फेरीला आला तेव्हा पाण्याचा 'पा' काढला नाही. पेपरात नाव चाललंय म्हटल्यावर त्याला पाणी परवडत नव्हतं.

पण आण्णांना खरा शोध लागला तो दारोदार फिरताना. दार लोटून एकेकट्याला विचारलं की लोक अजूनही हळूच 'पाणी' म्हणायचे. तीच माणसं कट्ट्यावर चौघांत बसली की 'नाव'. प्रत्येकाला वाटायचं, बाकीच्यांना पाण्याचं काही पडलेलं नाही, आपणच कशाला तोंड उघडा. चॅनेलची चर्चा आमच्या चौकात ठरली तेव्हा आण्णांनी बारा घरं गाठली आणि प्रत्येकाला सांगितलं, तू एकटा न्हाईस. माइक आला की पाण्याचं बोलायचं, एवढाच शब्द घेतला. पहिला शब्द मी दिला.

त्या दिवशी आण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पिवळ्या पाण्याची बाटली घेऊन पुढच्या खुर्चीत बसले. चॅनेलची मुलगी नम्र होती. "आजोबा, आजचा विषय नावाचा आहे. पाण्याचं आपण नंतर घेऊ." दोन बाजूंनी घोषणा सुरू झाल्या. माइक माझ्यापुढं आला. "सर, तुम्ही शिक्षक. नाव बदलावं की नाही?"

मी पाण्यावर चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. पण प्रश्न नावाचा होता, गर्दी उत्तराची वाट बघत होती, आणि मी म्हणालो, "नावाशी लोकांच्या भावना जोडलेल्या असतात." टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. उरलेले अकराजण माझ्याच वाटेनं गेले. आण्णांनी बाटली उंच धरली तेव्हा कॅमेरा दुसरीकडं वळला होता. टीव्हीवर त्यांची फक्त मनगटापर्यंतची बाही दिसली.

संध्याकाळी तोंड लपवतच त्यांच्याकडं गेलो. पाटीवर दोन्ही रकान्यांत 'नाव' लिहिलेलं होतं.

"चुकलं आण्णा," मी म्हणालो.

"बसा." त्यांनी किटलीतलं पाणी दिलं. "उकळलेलं हाय." मग ट्रंकेतून एक पिवळी पडलेली कागदाची पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. छापायला तयार केलेली, पण न छापलेली बातमी. आमच्याच चौकाचं नाव, नळाला दूषित पाणी, नागरिकांनी उकळून प्यावे.

"सहा सेंटीमीटर," आण्णा म्हणाले. "इलेक्शनच होतं. एका उमेदवाराचं कौतुक आलं, वरनं निरोप, आजच लावा. जागा न्हवती. मी हे काढलं. म्हटलं, उद्या लावू."

मी पट्टी परत एकदा वाचली.

"तुमी म्हणाल, पेपरात न्हाई तर न्हाई, घरात तरी सांगायचं. मी सोता वाचलीती की मास्तर. कापायच्या आधी दोनदा वाचली. घरी आलो, सुमननं तांब्या दिला, प्यालो. तीबी प्याली. मला सांगायचं सुचलंच न्हाय. पानातनं काढली न्हवं, मग माझ्याबी डोक्यातनं गेली. उद्याला जागा झाली न्हाय, परवाबी न्हाय. मग तिचं डोळं पिवळं झालं, तवा आठवली."

वहिनींची कावीळ पोटात उतरली आणि त्या गेल्या, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आम्ही ज्या माणसाला हसत होतो, तो रोज सकाळी आमच्या दारात येऊन एक राहिलेला निरोप देत होता. मला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं.

निवडणूक झाली. दुसऱ्या फेरीत पाणी विसरलेला उमेदवार निवडून आला. चौकात नव्या नावाचा फलक लागला, त्याच्या खालून गटार आणि गटारातून आमची लाइन तशीच जाते.

आण्णांची फेरी चुकत नाही. "मास्तर, डोक्यात काय हाय?" मी म्हणतो, "पाणी." "उकळलं का?" मी म्हणतो, "उकळलं आण्णा." आता आमच्याकडं खरंच उकळतात. शेवटचं घर त्यांचं स्वतःचं. परवा ते आमच्या दारात विसरलेला पेपर द्यायला मी मागोमाग गेलो, तर दार लोटून ते उंबऱ्यातच उभे होते. आत कुणीही नव्हतं. रिकाम्या स्वयंपाकघराकडं बघून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सुमन, पाणी उकळलंस का?"

मी पेपर पायरीवर ठेवला आणि माघारी फिरलो.