नानांची शिक्षा

आंब्याच्या सालींची पिशवी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाच्या पारापाशी भिरकावली आणि मागे न बघता घरी आलो. चूक एवढीच, की मागे बघितलं नाही. दहा मिनिटांत नाना खेर दारात. हातात ताटली, तिच्यावर विणलेला रुमाल, रुमालाखाली माझी पिशवी.

“तुमचं राहिलं होतं. माल मालकाकडे पोचला पाहिजे.”

नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. झाशीच्या ओरछा गेटजवळच्या आमच्या गल्लीत कुणाची पिशवी कुणाची, हे त्यांना गाठीवरून कळे. माल पोचवला, की चहा घेतल्याशिवाय ते उठत नसत.

“पूर्वी या पारावर बसायला जागा मिळत नसे हो. आता वासामुळे मी एकटाच,” म्हणायचे.

ढीग वाढतच गेला. शेवटी त्यांनी हिंदी वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहिलं. तीन पानं, मराठीत. हिंदी करायचं काम गुन्हेगार म्हणून माझ्याकडे.

“नाना, एका पत्रात एकच मुद्दा. खाली नाव, पत्ता, फोन. लांबलं तर ते कापतात.”

नाना कुरकुरत कापू लागले. उरलं ते असं : चबूतरा सबका है, उसे साफ़ रखना पड़ोसी का पड़ोसी के प्रति कर्तव्य है, कूड़ा फेंकने वालों को शिक्षा अवश्य मिले.

वर्तमानपत्रातून फोन आला, “पत्र आप ही का है? और कहीं भेजा तो नहीं?” नानांनी उभं राहून उत्तर दिलं.

पत्र छापून आलं. सकाळीच समोरच्या गुप्ता चाची चार बायका घेऊन पारापाशी हजर.

“नाना जी, आप तो बड़े भले निकरे! हम समझे जुर्माना लगवाहौ. सो दो शिक्षा. कौन डिब्बा में का डारने है?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहून मी ‘दंड’ लिहायचं विसरलो होतो. नानांनी आधी माझ्याकडे जळजळीत बघितलं, मग त्या पाच चेहऱ्यांकडे. घसा खाकरला.

“हरे में गीला, नीले में सूखा. और गाड़ी आए तब हाथ में दीजिए, पहले बाहर मत रखिए.”

तेव्हापासून संध्याकाळी पारावर वर्ग भरू लागला. कचरा घंटागाडीत जाऊ लागला. शिकवण्यासारखं काही उरलं नाही, तरी वर्ग सुटेना.

“नाना, संपादकांना दुरुस्ती कळवू का?” मी विचारलं.

“खबरदार!” म्हणाले, आणि चाचींसाठी सरकून जागा केली.

घरी येऊन मी हे हसत हसत बायकोला सांगितलं. ती हसली नाही.

“पण आपल्याकडे यायचे बंद झाले ना.”

“आता आपण काही टाकतच नाही, तर ते आणून काय देणार?”

“काही न टाकताही माणसाला चहाला बोलावता येतं हो,” ती म्हणाली.