डिअर वैशाली, काइंडली रिव्हर्ट

निकम आमच्या कंपनीत डिस्पॅचला होता आणि त्याच्याकडे प्रत्येक प्रसंगाचा फॉरमॅट होता. माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो सिव्हिलमध्ये भेटायला आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "आपली प्रकृती लवकरात लवकर पूर्ववत व्हावी, ही विनंती." वडिलांना वाटलं, कोणीतरी साहेब आलेत. ते टाके विसरून उठून बसले.

मी अकाउंट्सला. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा, आणि पहाटे जुड्या बांधता बांधता मी बी.कॉम. काढलं. त्यामुळे मला गुळमुळीत बोलणं जमत नाही. निकमला दुसरं काही जमत नव्हतं. बाळ झालं, बदली झाली, कुणाचं पाकीट मारलं गेलं, की तो आधी विचारायचा, "याचा फॉरमॅट काय आहे ताई?" आणि नसला तर गप्प बसायचा.

त्याची दुसरी खोड म्हणजे झोप. आमच्या सातपूरच्या कारखान्यात ऑफिसच्या भिंतीपलीकडे प्रेस शॉप. ते मशिन धाडधाड पत्रा कापायला लागलं की टेबलावरच्या टाचण्या उड्या मारायच्या. फोनवर आम्ही एक कान बोटाने बंद करून ओरडायचो. आणि निकम? डबा खाल्ला, चलनांच्या गठ्ठ्यावर गाल टेकला, की घोरायला लागायचा. गंमत पुढेच आहे. वीज गेली, प्रेस थांबला, सगळीकडे चिडीचूप झालं, की हा दचकून उठायचा. "काय झालं? काय झालं?"

परचेसचा शिंदे म्हणायचा, "निकम्याला पाळण्यात नाही, क्रशरमध्ये वाढवलाय."

तो नामपूरकडचा, सिडकोत एका खोलीत एकटा राहायचा, तिशी केव्हाच ओलांडलेली. आई-वडील नव्हते. स्थळं बघायला एक मामा होता, त्याने प्रयत्न करून करून हात टेकले. शेवटी निकमने लग्नाच्या वेबसाइटवर नाव घातलं. फुकटात घातलं तर नुसतं 'इंटरेस्ट' नावाचं बटण दाबता यायचं. समोरच्याला तयार ठोकळेबाज ओळ जायची. आपल्या मनाचं लिहायचं तर पैसे भरावे लागत. निकमने मनाचं लिहायला पैसे भरले आणि लिहायला मन दुसऱ्याचं आणलं.

झालं असं, की सिडकोतल्या सायबर कॅफेवाल्याकडे एक 'हमखास' मजकूर होता. त्याच्या आतेभावाचं म्हणे त्याच मजकुरावर जमलं. निकमने तो फ्लॉपीवर घेतला आणि नाशिक जिल्ह्यातल्या यच्चयावत मुलींना चिकटवत सुटला. उत्तर नाही आलं तर आठवड्याने 'स्मरणपत्र क्रमांक एक'. मग 'क्रमांक दोन'. डिस्पॅचचा माणूस!

हे मला कळलं ते आमच्या ओट्यावर. माझ्या धाकट्या बहिणीचं, मनीषाचं नाव त्याच साइटवर होतं. एका संध्याकाळी आम्ही जुड्या बांधत होतो आणि ती कॅफेतून छापून आणलेला कागद वाचून दाखवत होती: "डिअर वैशाली, आय सॉ युवर प्रोफाइल अँड माय हार्ट सेड धिस इज द वन. आय ॲम सिंपल, ऑनेस्ट अँड फॅमिली-ओरिएंटेड. काइंडली रिव्हर्ट."

"वैशाली कोण गं?" आईने विचारलं.

"मला काय माहीत! या माणसाने मला स्मरणपत्रसुद्धा पाठवलंय."

स्मरणपत्र म्हटल्यावर माझ्या हाताला काटाच टोचला. खाली नाव बघितलं. निकमच.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी त्याला धरलं. इंटरनेट फक्त शिंदेच्या कॉम्प्युटरला होतं. मनीषाच्या परवानगीने मी तिचा साइटवरचा इनबॉक्स उघडून त्याच्यापुढे ठेवला. पान खाली सरकवलं, आणखी सरकवलं. माय हार्ट सेड. माय हार्ट सेड. माय हार्ट सेड. माणसं वेगळी, हृदय एकच. कॅफेवाल्याने तो मजकूर अख्ख्या सिडकोला वाटला होता. निकमचं वेगळेपण एवढंच, की त्याने पहिल्या मुलीचं नाव खोडलं नव्हतं. जिल्ह्यातल्या सगळ्या मुली वैशाली.

"पण ताई, भाषा तर चांगली आहे."

"भाषेला काय चाटायचंय? यातलं नाव काढ. आता सांग, हे मनीषाला लिहिलंय की शिंदेच्या बायकोला?"

"ए, माझी बायको मध्ये नको," शिंदे म्हणाला.

"तिने प्रोफाइलमध्ये काय लिहिलंय ते वाचलंस?"

निकम खाली बघत म्हणाला, "फोटो आणि शिक्षण बघतो. बाकी सगळ्यांचं सारखंच असतं. होमली, संस्कारी, वाचनाची आवड."

"तेवढं भाऊ नाहीतर वडील लिहितात. त्याच्या खाली बघ. कुठेतरी एखादी ओळ पोरगी स्वतः घुसडते. ती सापडली, आणि तुला खरंच काही विचारावंसं वाटलं, तरच विचार. हो-नाही म्हणून संपेल असं नको, दिसण्याची स्तुती नको. आणि उत्तर नाही आलं तर गप्प बसायचं. स्मरणपत्र पाठवलंस तर मी तुझी फ्लॉपी प्रेसखाली घालीन."

"याचा फॉरमॅट..."

"निकम!"

पुढचे काही दिवस तो डबा खाऊन झोपेना. शिंदेच्या खुर्चीत बसून प्रोफाइलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. लिहायचा काहीच नाही. शिंदे वैतागला. "अरे, परीक्षेला बसलायस का?"

मग एका दुपारी त्याने मला हाक मारली. हाक कसली, नुसतं "ताई" म्हणाला आणि पडद्यावर बोट ठेवलं. देवळाली कॅम्पातली मुलगी, नाव संगीता, शाळेत भूगोल शिकवणारी. वर नेहमीचंच होमली, संस्कारी. आणि तळाला एक ओळ: तोफांच्या सरावाच्या आवाजात वाढले, त्यामुळे आवाजात छान झोप लागते, शांततेत लागत नाही.

प्रेस धाडधाड चालला होता. निकम त्या ओळीकडे असा बघत होता, जसं कुणी त्याचं रेशन कार्ड इंटरनेटवर टाकलंय.

त्याने आधी 'आपल्या प्रोफाइलच्या अनुषंगाने' असं टाइप केलं. मी नुसती खाकरले. त्याने ते खोडलं. मग इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटाने: "सराव नसतो त्या दिवशी सगळं शांत होतं, तेव्हा तुम्ही झोपेसाठी काय करता? मलाही शांततेत झोप येत नाही. मला अजून उपाय सापडलेला नाही." खाली नाव. बस.

"पाठवू? फार साधं नाही ना वाटत?"

"तुला उत्तर पाहिजे का?"

"हो. खरंच पाहिजे."

"मग पाठव."

उत्तर लगेच थोडंच येतं? तो आठवडा त्याने कसा काढला ते आम्ही बघितलं. मालेगावचा माल सिन्नरला गेला. स्मरणपत्रासाठी हात शिवशिवायचा, मग माझ्याकडे बघून खिशात घालायचा. आणि एके दिवशी शिंदेच्या टेबलापासून माझ्या टेबलापर्यंत तो जवळजवळ पळत आला. "उत्तर उनं, ताई! उनं!" घाबरला की त्याची अहिराणी बाहेर पडायची.

उत्तर एका ओळीचं होतं: हा प्रश्न आतापर्यंत किती जणींना पाठवलात?

शिंदे म्हणाला, "सोप्पं आहे. लिही, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी लिहितोय. पोरी खूश होतात."

निकमने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तिने तुला विचारलंय."

खरं लिहिलं तर ही एकुलती एक खिडकीही बंद होणार, हे त्याला कळत होतं. मामाने हात टेकलेले, पैसे भरलेली मुदत संपत आलेली. मग एक बोट चालू झालं: "हा प्रश्न फक्त तुम्हाला. पण याआधी मी दुसऱ्याकडून आणलेला एक मजकूर खूप जणींना पाठवला. बहुतेक तुम्हालाही आला असेल. त्याबद्दल माफ करा."

पाठवल्यावर त्याने डोकं धरलं. "आते संपलं."

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. "हो, आला होता. मी वैशाली होते. आमच्या स्टाफरूममध्ये आणखी दोन वैशाल्या आहेत, आम्ही खूप हसलो. तुम्ही ते लपवलं असतंत तर मी पुढे लिहिणार नव्हते. आता तुमच्या प्रश्नाचं. मी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधोमध लावते. नुसती खरखर येते. आवाज बेताचा ठेवायचा. करून बघा. पण तुमच्या खोलीत एवढी शांतता का?"

शिंदे ओरडला, "घे! आता मोठा निबंध लिही!" मी त्याला चहाला हाकललं आणि स्वतःही निघाले. दारात होते तेवढ्यात निकम म्हणाला, "ताई, थांबा. एकदा वाचून बघा, मग पाठवतो."

त्याने लिहिलं होतं: "नामपूरला आमची पिठाची गिरणी होती. वडील लवकर गेले, आईच चालवायची. मी पोत्यांवर झोपायचो. पट्ट्याचा फटफट आवाज चालू आहे म्हणजे आई जागी आहे, हे मला झोपेतही कळायचं. आवाज थांबला की मी उठून बघायचो. ती गेल्यावर गिरणी विकली. नाशिकच्या खोलीत कुणीच काही चालू ठेवत नाही."

एवढी वर्षं आम्ही त्याला क्रशरमध्ये वाढलेला म्हणत होतो. मी एक शुद्धलेखनाची चूकसुद्धा काढली नाही. "पाठव," म्हटलं आणि चहाला गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. महिनाभर ते एकमेकांना विचारत राहिले. मग कॅम्पातल्या तिच्या घरी तो मामाला घेऊन गेला. पोहे खाताना तोफ धडाडली, मामाच्या हातातली बशी सांडली आणि हे दोघं एकदम हसले. लग्नात शिंदेने आहेराच्या पाकिटावर 'डिअर वैशाली' लिहिलं. संगीताने ते सगळ्यांना दाखवलं.

लग्नानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, वीज गेली. निकम चलनांवर गाल टेकून झोपला होता. प्रेस थांबला. पंखे थांबले. मळ्यात उन्हाच्या वेळी असते तशी शांतता पसरली. शिंदेने मला डोळ्याने खुणावलं: बघ आता, उडेल.

निकम हलला नाही. तोंड थोडं उघडं, श्वास एका लयीत.

"वहिनी रात्री झोपू देत नसतील," शिंदे हळूच म्हणाला.

"गप रे," मी म्हटलं. आणि त्याच्या कोपराखालची चलनं अलगद ओढून घेतली. गाडी दारात उभी होती. तेवढी मीच रवाना केली.